'रोज एक' की 'आठवड्यातून एक': मेथोट्रेक्सेटच्या चिठ्ठीमागचा इतिहास

फार्मासिस्टने डोसबद्दल डॉक्टरांना लेखी विचारावे असे प्रसंग अनेक, पण मेथोट्रेक्सेटचा प्रसंग वेगळा. इथे गोळीचा आकडा बरोबर असतो, चुकतो तो वार.

याचे मूळ औषधाच्या जन्मातच आहे. 1948 मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. ते लेडर्ले कंपनीत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तयार केले होते. मेथोट्रेक्सेट त्याचेच भावंड. 1951 मध्ये अमिनोप्टेरिनने संधिवात आणि सोरायसिसही आटोक्यात येतो असे दिसले आणि पुढे या आजारांत मेथोट्रेक्सेट रुळले. अमेरिकेत संधिवातासाठी त्याला 1988 मध्ये मान्यता मिळाली. मात्र इथला डोस साधारण 7.5 ते 25 मिग्रॅ, तोही आठवड्यातून एकदाच. बाकी जवळजवळ सगळ्या गोळ्या रोजच्या असतात, त्यामुळे लिहिणाऱ्याचा हात सवयीने '1-0-0', म्हणजे रोज सकाळी एक, असे लिहून जातो.

समजा, 62 वर्षांच्या संधिवाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर 'मेथोट्रेक्सेट 10 मिग्रॅ, 1-0-0, 30 दिवस' असे आहे. म्हणजे आठवड्याला 70 मिग्रॅ, नेहमीच्या कमाल डोसच्या जवळपास तिप्पट. फार्मासिस्टला आधी खटकते ती संख्या: महिन्याला चार-पाच गोळ्या लागायला हव्यात, मागितल्यात तीस.

अशा वेळी आधी फोन करायचा. पत्र त्या बोलण्याची नोंद म्हणून जाते. त्यात चिठ्ठीची तारीख आणि ती ओळ जशीच्या तशी उतरवतात. 'डोस जास्त वाटतो' एवढे लिहून भागत नाही, घाईत असलेला डॉक्टर 'चालेल' म्हणून मोकळा होतो. प्रश्न असा हवा: 'आपल्याला 10 मिग्रॅ आठवड्यातून एकदा अभिप्रेत आहे का? असल्यास कोणत्या वारी? सोबत फॉलिक अॅसिड द्यायचे आहे का? खुलासा होईपर्यंत मेथोट्रेक्सेट दिलेले नाही.' साप्ताहिक गोळी एक-दोन दिवस लांबल्याने सहसा बिघडत नाही, म्हणून थांबणेच सुरक्षित.

रुग्णाने आधीच रोज गोळी घेतली आहे का, हे काउंटरवरच विचारून पत्रात लिहावे लागते. तोंडात फोड, घसा दुखणे, ताप, अंगावर काळे-निळे डाग हे अस्थिमज्जा दबल्याचे इशारे. तसे असेल, किंवा लक्षणे नसूनही रोज घेतली असेल, तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात पाठवायचे. तिथे रक्तातील पेशी आणि मूत्रपिंडाची तपासणी होते व गरजेनुसार उतारा म्हणून फोलिनिक अॅसिड देतात. फॉलिक अॅसिडची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही, नावे कितीही सारखी वाटोत.

भारतात 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सने चिठ्ठी तपासणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून नमूद केले. तरीही दुरुस्ती स्वतः खोडून लिहायची नसते. बदललेली ओळ वारासकट आणि डॉक्टरांच्या सहीनिशीच हवी.