मतं ३१ टक्के, जागा निम्म्याहून जास्त: मोजणीत घोळ?

‘३१ टक्के मतांवर निम्म्याहून जास्त जागा कशा येतील? मोजणीतच काहीतरी गडबड आहे.’

गडबड नाही. मतांची टक्केवारी सगळ्या मतदारसंघांची बेरीज करून निघते, जागा मात्र प्रत्येक मतदारसंघात वेगळी ठरते. तिथे सर्वाधिक मतं घेणारा जिंकतो, निम्मी मतं लागत नाहीत.

सोलापूर जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा. समजा प्रत्येक ठिकाणी २ लाख वैध मतं पडली (आकडे हिशेबापुरते). सहा ठिकाणी ‘अ’ला ८० हजार, ‘ब’ला ७० हजार, ‘क’ला ५० हजार. उरलेल्या पाच ठिकाणी ‘ब’ला १ लाख ३० हजार, ‘अ’ला ४०, ‘क’ला ३० हजार. ‘अ’ची मतं ३०.९ टक्के, जागा ६. ‘ब’ची मतं ४८.६ टक्के, जागा ५! कारण ‘ब’ची मतं पाच ठिकाणी ढिगाने साचली, ९० हजारांच्या आघाडीने जिंकलं तरी जागा एकच.

मतं विखुरली तर आणखी वाईट. २०१४च्या लोकसभेत बसपला देशभर ४ टक्क्यांवर मतं, जागा शून्य. अण्णाद्रमुकला ३.३ टक्केच, पण सगळी तमिळनाडू-पुदुच्चेरीत, म्हणून ३७ जागा. गडबडीची शंका असेल तर टक्केवारी बाजूला ठेवा आणि प्रत्येक मतदान केंद्रावर किती मतं नोंदली गेली हे सांगणारा फॉर्म १७सी मतमोजणीच्या आकड्यांशी ताडून बघा.