नोंदणीपूर्व करार

कंपनी कायद्याने अस्तित्वात येण्याआधी तिच्या प्रवर्तकांनी तिच्यासाठी केलेला करार. कंपनीचा जन्म नोंदणीच्या दिवशी होतो, पण तिची कामे त्याच्या बरीच आधी सुरू झालेली असतात. जागा ठरवावी लागते, यंत्रे सांगून ठेवावी लागतात, माल उचलावा लागतो. या कागदांवर प्रवर्तक ‘नियोजित कंपनीतर्फे’ अशी सही करतात. पुढे पैसे थकले की समोरच्याने ते कोणाकडे मागायचे, हा या विषयातला खरा प्रश्न.

त्याचे मूळ उत्तर केल्नर विरुद्ध बॅक्स्टर या १८६६ च्या इंग्लिश खटल्यात मिळते. ग्रेव्ह्‌सेंड येथे एक हॉटेल कंपनी काढायचे चालले होते. २७ जानेवारी १८६६ रोजी केल्नर या दारूच्या व्यापाऱ्याने आपला जादा साठा ९०० पौंडांना देऊ केला आणि बॅक्स्टरसह तिघा प्रवर्तकांनी कंपनीतर्फे म्हणून सही करून तो घेतला. पैसे २८ फेब्रुवारीला द्यायचे होते. कंपनीची नोंदणी २० फेब्रुवारीला झाली. दारू पोचली, हॉटेलात खपली, कंपनीने करार मान्य असल्याचा ठरावही केला. आणि पैसे चुकते होण्याआधीच कंपनी बुडाली. केल्नरने प्रवर्तकांवर दावा लावला. त्यांचा बचाव वरवर पटण्यासारखा होता: माल कंपनीने घेतला, करार कंपनीने मान्य केला, मग आम्ही मोकळे.

न्यायालयाने तो फेटाळला. मागाहून मान्यता देण्याला कायद्यात अनुसमर्थन म्हणतात. प्रतिनिधीने परवानगीवाचून केलेला व्यवहार मालक मागाहून आपला म्हणू शकतो, पण व्यवहाराच्या दिवशी तो मालक अस्तित्वात असावा लागतो. २७ जानेवारीला कंपनीच नव्हती, तेव्हा तिचा प्रतिनिधीही असू शकत नव्हता. मग करार कोणाला तरी बांधणारा असेल, तर तो सही करणाऱ्यांनाच. नाहीतर त्या कागदाला काहीच अर्थ उरला नसता, आणि पक्षांचा हेतू तसा होता असे मानणे कठीण.

कंपनीला बांधायचे असेल तर नोंदणीनंतर नवा करार लागतो. इथेच बहुतेक जण फसतात. कंपनीच्या वागण्यावरून नवा करार झाला असे न्यायालय क्वचित मानते, पण जुना करार आपल्यावर बंधनकारकच आहे या गैरसमजातून कंपनी वागली असेल तर तेवढ्याने भागत नाही. नॉर्थंबरलँड ॲव्हेन्यू हॉटेल कंपनीच्या प्रकरणात (१८८६) करारावर २४ जुलै १८८२ ही तारीख होती आणि कंपनी नोंदली गेली दुसऱ्या दिवशी. कंपनीने जागा ताब्यात घेऊन बांधकामही सुरू केले, तरी ती त्या कराराने बांधली गेली नाही. एका दिवसाचा फरक!

उलट चूकही घडते. न्यूबॉर्न विरुद्ध सेन्सॉलिड (१९५४) मध्ये डबाबंद हॅमच्या विक्रीपत्रावर विक्रेता म्हणून कंपनीचेच नाव होते. खाली संचालकाची सही होती ती केवळ कंपनीची सही खरी ठरवण्यापुरती. ती कंपनी अजून नोंदलेली नव्हती. करार ना कंपनीचा ठरला, ना त्या माणसाचा. सहीच्या मांडणीवर माणसाची जबाबदारी ठरावी, हे कोणालाही खटकेल. ब्रिटनने १९७२ च्या कायद्याने हा भेद पुसला. आज तेथे २००६ च्या कंपनी कायद्याचे कलम ५१ लागू आहे: उलट ठरले नसेल तर करार करणारा माणूस स्वतः बांधील. केवळ ‘कंपनीतर्फे’ असे लिहिणे म्हणजे उलट ठरणे नव्हे. ते स्पष्ट लिहावे लागते.

भारतात करार कायद्याच्या कलम २३० नुसार, मालकाचे नाव उघड असूनही त्याच्यावर दावा लावता येत नसेल, तर प्रतिनिधी स्वतः बांधला गेल्याचे गृहीत धरतात. मात्र १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाने (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कंपनीसाठी एक दार उघडे ठेवले आहे. कलम १५(ह) खाली कंपनी समोरच्याकडून कराराची प्रत्यक्ष पूर्तता मागू शकते, आणि कलम १९(इ) खाली समोरचा कंपनीकडून. त्यासाठी प्रवर्तकांनी करार कंपनीच्या कामासाठी केलेला असावा, तो तिच्या स्थापनेच्या अटींत बसणारा असावा, आणि कंपनीने तो स्वीकारून तसे समोरच्याला कळवलेले असावे. नुसता संचालक मंडळाचा ठराव इतिवृत्तात पडून राहिला तर ही शेवटची अट पुरी होत नाही.

म्हणून जाणकार वकील करारातच एक कलम घालतात: कंपनी नोंदली जाऊन तिने ठरलेल्या मुदतीत त्याच अटींवर स्वतः सही केली, की प्रवर्तकांची जबाबदारी संपेल, न केल्यास कोणत्याही बाजूला करार रद्द करता येईल. समोरचा पक्ष हुशार असेल तर या दुसऱ्या भागाला हरकत घेतो, कारण त्याला हमी हवी असते ती चालत्याबोलत्या माणसांची.