F8 जागेवर राहिलं, Ctrl+F8 हललं: टॅलीच्या कीबोर्डची पार्श्वभूमी

दुकानात टॅलीवर बसणाऱ्याला बिल करायचं तर F8, खरेदी चढवायची तर F9. पार्टीकडून पैसे आले की F6, कोणाला दिले की F5. गल्ल्यातली रोकड बँकेत भरली तर F4 ची कॉन्ट्रा, आणि जर्नल F7 वर. VAT च्या काळातल्या ७.२ मध्ये ही वाटणी होती, नंतरच्या ERP 9 मध्ये होती, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या टॅलीप्राइममध्येही तीच आहे. बाकीच्या कीज मात्र बऱ्याच फिरल्या. आज एंट्रीत होणाऱ्या काही चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

टॅलीची सुरुवात १९८६ ची, बंगळुरूची. श्यामसुंदर गोएंका यांना स्वतःच्या धंद्याच्या हिशोबासाठी सोयीचं सॉफ्टवेअर मिळत नव्हतं, म्हणून मुलगा भरत याने ते लिहिलं. तो DOS चा जमाना. माउसवर विसंबून काही बांधण्याचा प्रश्नच नव्हता. त्या वेळच्या अनेक हिशोबाच्या प्रोग्रामांत प्रत्येक खात्याला कोड द्यावा लागे आणि एंट्री करताना तो आठवावा लागे. टॅलीने कोड काढून टाकला. नावाची पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी आखडत जाते आणि एंटर मारला की खातं बसतं. माझ्या मते टॅलीचा सर्वांत मोठा शॉर्टकट हाच, जरी शॉर्टकटच्या तक्त्यांत तो कधी दिसत नाही. यादीत नाव नसेल तर तिथेच Alt+C दाबून नवीन पार्टी किंवा आयटम उघडता येतो, अर्धं झालेलं बिल सोडावं लागत नाही.

पुढे विंडोज आलं आणि अडचण झाली. विंडोजमध्ये Ctrl+V म्हणजे पेस्ट, पण ERP 9 मध्ये त्याच कीजने बिलाचा स्क्रीन साध्या व्हाउचरच्या रूपात बदलायचा. त्यामुळे कॉपी-पेस्टला Ctrl+Alt+C आणि Ctrl+Alt+V अशी तीन बोटांची कसरत होती. प्राइमने हे सरळ केलं: Ctrl+C, Ctrl+V आता सगळीकडे चालतात तसेच, आणि बिलाचा प्रकार बदलायला Ctrl+H. Ctrl+A ला मात्र हात लावला नाही. इतरत्र त्याने सगळा मजकूर निवडला जातो. टॅलीत त्याने व्हाउचर सेव्ह होतं, कर्सर कुठल्याही रकान्यात असो. वेग त्यातच आहे आणि धोकाही. नवीन व्हाउचरवर टॅली आधीच्या एंट्रीचीच तारीख धरून ठेवते. सकाळी पहिल्याच बिलाला F2 दाबून तारीख बदलली नाही आणि थेट Ctrl+A मारत गेलात, तर आजची विक्री कालच्या तारखेत जाऊन बसते. गल्ला आणि कॅश बुक जुळेना की आधी तारखा पाहाव्यात.

सर्वांत जास्त घोळ माल परतीच्या एंट्रीत झाला. ERP 9 मध्ये क्रेडिट नोट Ctrl+F8 वर होती आणि डेबिट नोट Ctrl+F9 वर. प्राइममध्ये क्रेडिट नोट Alt+F6 वर आणि डेबिट नोट Alt+F5 वर गेली. रिकाम्या झालेल्या Ctrl+F8 वर सेल्स ऑर्डर आली, Ctrl+F9 वर पर्चेस ऑर्डर.

समजा गिऱ्हाइकाने प्रत्येकी १,५०० रुपयांचे दोन पंखे परत केले. माल ३,००० चा, १८ टक्के GST ५४०, एकूण ३,५४०. दुकानात ऑर्डरचा व्हाउचर प्रकार चालू आहे आणि जुन्या सवयीने बोटं Ctrl+F8 वर गेली. स्क्रीनवर पार्टी, आयटम, नग, भाव सगळं नेहमीसारखं दिसतं, Ctrl+A ने सेव्हही होतं. पण ऑर्डर म्हणजे नुसती नोंद. हिशोबात तिचा काहीच परिणाम होत नाही. पार्टीच्या खात्यात ३,५४० येणे तसंच राहतं, स्टॉकमध्ये दोन पंखे वाढत नाहीत आणि GST च्या रिटर्नमध्ये क्रेडिट नोट दिसतच नाही. उलट ऑर्डरच्या यादीत दोन पंखे द्यायचे बाकी दिसतात. बहुतेक वेळा पार्टी खातं जुळवायला बसते तेव्हाच हे ध्यानात येतं.

म्हणून परतीची एंट्री करताना स्क्रीनच्या वर डाव्या कोपऱ्यात व्हाउचरचं नाव वाचूनच पार्टी टाकावी. चूक झालीच असेल तर डे बुकमधून ती ऑर्डर उघडून Alt+D ने काढावी, मग Alt+F6 वर नव्याने क्रेडिट नोट करावी आणि मूळ बिलाचा नंबर व तारीख तिच्यात भरावी. लॅपटॉपवर Alt+F6 दाबून काहीच उघडत नसेल तर दोष टॅलीचा नसतो: बऱ्याच लॅपटॉपवर वरच्या ओळीतली बटणं आवाज आणि उजेडासाठी लावलेली असतात, तिथे सोबत Fn धरावं लागतं.