गेमनिहाय माऊस प्रोफाइल

गेमनिहाय माऊस प्रोफाइल म्हणजे गेमिंग माऊसच्या बटणांची कामे आणि त्याचा डीपीआय, म्हणजे हालचाल टिपण्याची बारकाई, यांचा एका विशिष्ट गेमसाठी साठवलेला संच. तो गेम समोर आला की हा संच आपोआप लागू होतो आणि गेम मागे गेला की डेस्कटॉपचा नेहमीचा संच परत येतो. लॉजिटेकचे जी हब, रेझरचे सिनॅप्स आणि स्टीलसिरीजचे जीजी या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

सॉफ्टवेअर गेम ओळखते ते त्याच्या प्रोग्रॅम फाइलवरून. विंडोजमध्ये या क्षणी कोणती खिडकी पुढे आहे आणि ती कोणत्या `.exe` फाइलची आहे, यावर ते लक्ष ठेवते. यादीतल्या फाइलशी जुळणी झाली की ते माऊसला नवा डीपीआय पाठवते आणि बटणांची कामे बदलते. म्हणूनच गेम चालू असताना ऑल्ट-टॅब करून ब्राउझरमध्ये गेले तरी प्रोफाइल बदलते. त्यात बिघाड काही नाही, रचनाच तशी आहे.

प्रोफाइल लागत नसेल तर सर्वांत आधी ही फाइलच तपासावी. ‘काउंटर-स्ट्राइक २’ सप्टेंबर २०२३ मध्ये आला आणि त्याने ‘सीएस:गो’ची जागा घेतली, तेव्हा स्टीममधला फोल्डर जुन्याच नावाचा राहिला. गेमची फाइल मात्र `csgo.exe` ऐवजी `cs2.exe` झाली. जुन्या फाइलला जोडलेले प्रोफाइल अशा वेळी यादीत जसेच्या तसे दिसते, पण जुळणी होत नाही. नवी फाइल स्टीमच्या फोल्डरात अशी सापडते:

```
steamapps\common\Counter-Strike Global Offensive\game\bin\win64\cs2.exe
```

‘व्हॅलोरंट’मध्ये वेगळीच फसगत होते. `VALORANT.exe` ही गेम सुरू करून देणारी फाइल आहे. प्रत्यक्ष खेळाची खिडकी `VALORANT-Win64-Shipping.exe` या फाइलची असते. पहिलीच जोडली तर खेळताना प्रोफाइल लागत नाही. खात्री करायची तर गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडावा, ‘Details’ या टॅबमध्ये नाव पाहावे आणि तीच फाइल जोडावी. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत हा उपायही तोकडा पडतो. तिथे चालणारी फाइल `javaw.exe` असते, आणि जावातले इतर प्रोग्रॅमही याच नावाने चालतात.

नाव बरोबर असूनही प्रोफाइल बदलत नसेल, तर एखादे प्रोफाइल कायमचे लावून ठेवण्याची सोय चुकून चालू झाली आहे का, ते बघावे. जी हबमध्ये ती चालू असली की कोणताही गेम उघडा, तेच प्रोफाइल राहते.

डीपीआय खरोखर बदलला का, हे नुसत्या हाताच्या अंदाजावर सोडू नये. ते पट्टीने मोजता येते. माऊस एक इंच सरकला की सेन्सर जितके काउंट पाठवतो, तो त्याचा डीपीआय. ‘काउंटर-स्ट्राइक २’मध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर एका काउंटला नजर ०.०२२ अंश वळते. म्हणजे पूर्ण फेरीला सुमारे १६,३६४ काउंट लागतात. डीपीआय ८०० असेल तर हे अंतर साडेवीस इंच, म्हणजे जवळपास ५२ सेंटिमीटर होते. सराव नकाशात भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम धरावा, पॅडशेजारी पट्टी ठेवून माऊस एकाच दिशेने सरकवावा आणि नेम पुन्हा त्याच खुणेवर येईपर्यंतचे अंतर मोजावे. पॅड लहान असेल तर माऊस उचलून पुढचे अंतर बेरजेत धरावे. समजा, गेमच्या प्रोफाइलचा डीपीआय ८०० आणि डेस्कटॉपचा १६०० आहे. ५२ ऐवजी २६ सेंटिमीटर भरले, तर डेस्कटॉपचाच डीपीआय तसाच राहिला आहे.

नेमबाजीच्या सगळ्या गेममध्ये आणि डेस्कटॉपवरही डीपीआय एकच ठेवणे जास्त चांगले. वळण्याचा वेग प्रत्येक गेमच्या आतल्या सेन्सिटिव्हिटीने जुळवावा. व्हॅलोरंटमध्ये एका काउंटला ०.०७ अंश वळण मिळते, त्यामुळे काउंटर-स्ट्राइकमधल्या १ ला तिथे ०.३१४ हा आकडा जुळतो. असे केले की प्रोफाइल लागले नाही तरी नेम बिघडत नाही. बटणांचे मात्र प्रत्येक गेमनुसार वेगळेपण ठेवावेच लागते. बारा बाजूबटणांचा माऊस अनेक कौशल्ये वापराव्या लागणाऱ्या ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये कामाचा, पण तीच बटणे नेमबाजीत नुसती अंगठ्याखाली येतात. तिथे ती बंद ठेवलेली बरी.

मॅक्रो, म्हणजे एका बटणावर साठवलेली अनेक दाबांची मालिका, यांच्या बाबतीत हे वेगळेपण नियमांशीही जोडलेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्व्हने त्या गेमच्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर एका दाबात अनेक हालचाली करणारी स्वयंचलित इनपुट नाकारली, आणि ती आढळल्यास खेळाडूला सामन्यातून काढले जाते. दुसऱ्या गेमसाठीचा मॅक्रो डेस्कटॉपच्या मूळ संचात ठेवला आणि `cs2.exe` ला स्वतंत्र प्रोफाइल नसले, तर तोच मॅक्रो सामन्यातही चालू राहतो. म्हणून मॅक्रो मूळ संचात कधीच ठेवू नये.

आपोआप होणारा बदल सॉफ्टवेअर चालू असेपर्यंतच मिळतो. गेमिंग कॅफेत किंवा स्पर्धेतल्या संगणकावर ते नसेल, तर माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवलेली प्रोफाइलेच कामी येतात. कोणता गेम चालू आहे हे माऊसला कळत नाही, म्हणून तिथे प्रोफाइल बदलण्यासाठी एक बटण राखून ठेवावे लागते. जी हबमध्ये ऑनबोर्ड मेमरी मोड चालू असेल तर घरच्या संगणकावरही हीच स्थिती असते.