लिव्ह अँड लायसन्स आणि भाडेपट्टा

लिव्ह अँड लायसन्स म्हणजे मालकाने आपली जागा वापरायला दिलेली परवानगी. भाडेपट्ट्यात मात्र जागेच्या उपभोगाचा हक्कच मोबदला घेऊन दुसऱ्याकडे जातो. पहिल्याची व्याख्या भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे, तर दुसऱ्याची मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०५ मध्ये. महाराष्ट्रात बोलताना दोन्हींना ‘भाडं’च म्हणतात. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, पण पत्रात बिघडते.

करार ११ महिन्यांचा म्हणजे तो लायसन्सच, हा समज चुकीचा आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्याने ११ महिन्यांची सवय पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार मात्र मुदत कितीही असो, दोन्ही करार लेखी आणि नोंदणीकृतच हवेत. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली, तर राहणारा सांगेल त्या अटी, उलट सिद्ध होईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात.

नुसत्या शीर्षकाने करार ठरत नाही. असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध आर. एन. कपूर या १९५९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कागदाच्या नावापेक्षा पक्षांचा हेतू पाहिला: जागेत हितसंबंध दिला होता की केवळ परवानगी? राहत्या घरापुरती महाराष्ट्रात मालकाची बाजू भक्कम आहे. १९९९ च्या अधिनियमातील कलम २४ नुसार लेखी लायसन्स करार त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा ठरतो. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा आणि दुप्पट शुल्क मागू शकतो. दुकानाच्या गाळ्याला हा मार्ग नाही.

आता एक नेहमीचे पत्र पाहू. सोसायटीला मालक लिहितो: ‘सदर गृहस्थ माझे भाडेकरू असून फ्लॅट त्यांच्या ताब्यात आहे. भाडे १८,००० रुपये.’ करार लायसन्सचा असताना ‘भाडेकरू’, ‘ताबा’ आणि ‘भाडे’ हे तिन्ही शब्द भाडेपट्ट्याचे आले, शिवाय मुदतीचा पत्ताच नाही. अशा एका पत्राने नोंदणीकृत करार बदलत नाही, पण वाद निघाला की समोरचा वकील ते आधी काढतो. त्याऐवजी असे लिहावे: ‘सदर गृहस्थ नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने, दि. १ एप्रिल २०२५ ते २८ फेब्रुवारी २०२६ या मुदतीसाठी, लायसन्सी म्हणून फ्लॅटचा राहण्यापुरता वापर करीत आहेत. मासिक लायसन्स शुल्क १८,००० रुपये.’ सोबत कराराचा दस्त क्रमांक द्यावा. करार खरोखरच भाडेपट्ट्याचा असेल, तर पत्रात ‘लायसन्सी’ लिहून भाडेकरूचे हक्क मात्र कमी होत नाहीत.