एकाच वेलाची तीन रंगांची मिरी

मालवण, वेंगुर्ले किंवा रत्नागिरीच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात काळी आणि पांढरी मिरी शेजारी शेजारी दिसते. हंगाम असेल तर बाहेर टोपलीत ओल्या हिरव्या मिरीचे घोसही असतात. भाव वेगळे, वास वेगळे, त्यामुळे वेलही वेगवेगळे असणार असं गिऱ्हाईकाला वाटतं. पण तिन्ही मिरी एकाच वेलाची असते. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव पायपर नायग्रम. आपल्याकडे तो पोफळीवर, माडावर, आंब्या-फणसावर किंवा मुद्दाम लावलेल्या पांगाऱ्यावर चढवतात. काळ्या मिरीची एक जात आणि पांढऱ्या मिरीची दुसरी, असं काही नसतं. पन्नियूर-१ सारखी सुधारित जात लावली तरी तिच्या एकाच घोसापासून तिन्ही प्रकार करता येतात. घोस कधी तोडला आणि तोडल्यावर त्याचं काय केलं, एवढ्यावरच रंग ठरतो.

घरातल्या काळ्या मिरीचा एक दाणा धारदार सुरीने मधोमध कापून पाहा. सुरकुतलेली काळी साल कागदासारखी पातळ असते आणि आत सगळं फिकट पिवळसर-पांढरं, टणक असतं. बऱ्याचदा मधोमध बारीकशी पोकळीही दिसते. म्हणजे काळ्या मिरीच्या पोटात पांढरी मिरीच बसलेली असते. काळेपणा फक्त सालीत असतो. ती साल हे मिरीच्या फळाचं वाळलेलं आवरण, आणि आतला टणक भाग म्हणजे तिचं बी.

मग साल काळी का होते? बहुतेक जण सांगतील, उन्हात करपते म्हणून. हे खरं नाही. चिरलेलं वांगं पाण्याबाहेर राहिलं की काळपट पडतं, मिरीच्या सालीत घडतं ते त्याच जातीचं. हिरव्या सालीच्या पेशींमध्ये फिनॉल प्रकारची रसायनं एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. पेशी धड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही, म्हणून वेलावरचा दाणा हिरवागार राहतो. पेशी फुटल्या की दोन्ही एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि तपकिरी-काळी रंगद्रव्यं तयार होऊ लागतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी हिरव्या मिरीतल्या या फिनॉलचा अभ्यास १९९० च्या सुमारास प्रसिद्ध केला होता. ऊन या कामात मदतनीस आहे. ते पाणी उडवतं, साल आकसते, पेशी मोडतात, पण काळं करण्याचं काम विकराचंच.

कोकणातले बागायतदार मिरी वाळवण्याआधी जे करतात, त्याचं कोडं इथे सुटतं. घोसातले एक-दोन दाणे पिवळे-नारिंगी झाले की घोस काढणीला आला असं समजतात. पावसाच्या सुरुवातीला, जून-जुलैत फुलावर आलेला वेल साधारण डिसेंबर ते मार्च या काळात या टप्प्यावर येतो. घोस तोडून, चोळून दाणे वेगळे केले जातात. मग ते बांबूच्या टोपलीत किंवा पातळ फडक्याच्या पुरचुंडीत घेऊन उकळत्या पाण्यात साधारण एक मिनिट बुडवतात, निथळवतात आणि खळ्यात पसरतात. थेट उन्हात घातलेली मिरी वाळायला सात ते दहा दिवस घेते, तर असा चटका दिलेली तीन-चार दिवसांत वाळते. रंगही एकसारखा काळाभोर आणि तकतकीत येतो. उकळत्या पाण्याने पेशींचे पडदे एका झटक्यात फुटतात, पण एवढ्या थोड्या वेळात विकर पुरतं मरत नाही. पडदे गेले आणि विकर शाबूत राहिलं, की काळं व्हायची क्रिया धडाक्यात सुरू होते. वर धूळ धुतली जाते आणि बुरशीचे कण कमी होतात, हा फायदा वेगळाच.

आता तेच पाणी, तेच दाणे, पण वेळ एक मिनिटाऐवजी पंधरा मिनिटं. आता विकरही शिजून निकामी होतं. हे दाणे त्याच खळ्यात, त्याच उन्हात वाळवले तरी काळे कुळकुळीत होत नाहीत, मळकट हिरवट-तपकिरी राहतात. जानेवारीत ओली मिरी मिळाली तर एकेक मूठ घेऊन घरी करून पाहण्यासारखं आहे: एक मूठ न उकळता, एक मिनिटभर उकळलेली आणि एक पंधरा मिनिटं. मिनिटभराची मूठ सगळ्यात आधी काळी पडेल. ऊन तिघींनाही सारखंच मिळतं, त्यामुळे श्रेय कोणाचं हे उघड होतं.

चूक होते ती इथेच. मोठी टोपली एकदम पाण्यात घातली की उकळी बसते. मग मधले दाणे नुसते कोमट होतात आणि कडेचे जास्त उकळले जातात. वाळल्यावर त्याच ढिगात काळे, तपकिरी आणि करडे दाणे एकत्र दिसतात. म्हणून थोडी थोडी मिरी घालायची आणि पाण्याला पुन्हा खळखळून उकळी येऊ द्यायची. दुसरी चूक वाळवण्यातली. वरून दाणा काळा आणि कोरडा दिसतो, पण आतलं बी ओलं असतं. दाणा दातांखाली कडकन फुटला पाहिजे, नुसता दबला तर अजून ऊन हवं. ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या आत आला नाही आणि पोतं भरून ठेवलं, तर बुरशी धरते. संध्याकाळी खळ्यातली मिरी गोळा करून झाकायची ती याचसाठी, कारण थंडीतलं दव दिवसभर उडालेलं पाणी पुन्हा आत घालतं.

हिरव्या मिरीचं सगळं कौशल्य विकराला रोखण्यात आहे. त्यासाठी घोस लवकर, बी टणक व्हायच्या आधी तोडतात, म्हणजे दाणा अख्खा चावता येतो. मग एक तर मीठ आणि आम्ल घातलेल्या पाण्यात दाणे मुरवायचे, किंवा जास्त वेळ उकळून विकर मारून मग वाळवायचे. कारखान्यात गोठवून निर्वातात सुकवलेली मिरीही करतात, तिचा रंग सगळ्यात ताजा राहतो. आपल्याकडे ओल्या मिरीचं मीठ-लिंबू घालून लोणचं घालतात, त्यात हेच रसायनशास्त्र असतं. लिंबाच्या आंबटपणात हे विकर जवळपास थंडावतं. म्हणून लोणच्यातला दाणा दिवस गेले तरी काळा पडत नाही, फार तर शेवाळी होतो. लिंबात कसर केली किंवा दाणे रसाच्या वर उघडे राहिले, तर मात्र वरचा थर काळवंडतो.

पांढऱ्या मिरीत विकराचा प्रश्नच येत नाही, कारण ज्या सालीत तो खेळ चालतो ती सालच काढून टाकतात. त्यासाठी दाणे पुरते पिकून लाल व्हावे लागतात. पिकलं की साल मऊ होते आणि आतलं बी टणक भरतं. हिरव्या दाण्याची साल सोलायला गेलात तर बी चिरडतं. जुनी रीत अशी: पिकलेले दाणे गोणपाटात भरून वाहत्या पाण्यात सात-दहा दिवस ठेवायचे, साल कुजली की चोळून धुवायचं आणि वाळवायचं. विद्यापीठीय शिफारशीतली जलद रीत म्हणजे लाल दाणे दहा-पंधरा मिनिटं उकळून, गार करून, यंत्राने किंवा हाताने साल काढायची.

पांढऱ्या मिरीला गोठ्यासारखा वास येतो ही तक्रार पुष्कळ जण करतात, आणि ती खोटी नाही. साल कुजवणारे जीवाणू पॅरा-क्रेसॉल आणि स्कॅटोल अशी रसायनं तयार करतात. गुरांच्या शेणामुतातही हीच सापडतात, त्यामुळे नाकाने बरोबर ओळखलेलं असतं. पाणी साचलेलं असेल आणि बदललं नसेल तर हा वास दाण्यात मुरतो आणि वाळवूनही जात नाही. विकत घेताना पुडी उघडून वास घ्यावा, हा एवढा एकच उपाय. माझ्या मते घरगुती वापरासाठी उकळून सोललेली मिरीच बरी.

चवीचं गणित सालीवरूनच कळतं. तिखटपणा पिपरिनचा. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिश्चन ओर्स्टेडने १८१९ साली ते मिरीतून वेगळं काढलं. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे पुढच्या वर्षी दाखवणारा तो हाच. पिपरिन मुख्यतः आतल्या बियांत असतं, म्हणून पांढरी मिरी तिखटात काळीला हार जात नाही. मिरीच्या सुगंधी तेलाचा मोठा वाटा मात्र सालीत आणि तिच्या लगतच्या थरात असतो, आणि साल गेली की तोही जातो. सारात काळी मिरी ठेचून घातली की घमघमाट सुटतो, पांढरीचा तसा सुटत नाही. पांढऱ्या सॉसमध्ये काळे ठिपके नकोत म्हणून हॉटेलवाले पांढरी वापरतात, त्यात चवीपेक्षा दिसण्याचा हिशेब जास्त.

मग पांढरी महाग का? शंभर किलो ओल्या मिरीची काळी साधारण तेहेतीस किलो होते आणि पांढरी पंचवीसच्या आसपास. म्हणजे पांढरीला काळीच्या सुमारे एक-तृतीयांश जास्त भाव मिळाला तर बागायतदार नुसता बरोबरीत येतो. सोलायची मजुरी, धुवायचं पाणी आणि पिकेपर्यंत थांबण्यातला धोका त्यात धरलेला नाही. लाल दाण्यांवर पाखरं येतात आणि पिकलेले दाणे आपोआप गळतात. म्हणून बहुतेक बागायतदार एक-दोन दाणे रंगले की घोस उतरवतात, काळी करतात आणि मोकळे होतात.

मॉलमध्ये चार रंगांच्या मिरीची बाटली मिळते, तिच्यातले गुलाबी दाणे मात्र या वेलाचे नसतात. ते दक्षिण अमेरिकेतल्या शायनस नावाच्या झाडाचं फळ आहे, आणि ते झाड काजू आणि आंब्याच्या कुळातलं. काजूची ॲलर्जी असलेल्याला हे दाणे बाधू शकतात. गुलाबी दाणा बोटांत दाबला की पातळ, ठिसूळ साल चुरडते आणि आतलं बी सुटं होतं, तर मिरीचा वाळलेला दाणा बोटांनी चुरडत नाही.