पार्ट-टाइम नोकरी आणि सोमवारच्या सुट्ट्या : ब्रिटनमध्ये हक्क कसा मागायचा

मुलं लहान म्हणून आठवड्यातून तीनच दिवस कामावर जाणाऱ्या आपल्याकडच्या बायका इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. पगार तासांच्या हिशेबाने मिळतो, तो बरोबरच असतो. गफलत होते ती सुट्ट्यांत.

समजा ऑफिसात फुल-टाइम माणसाला 25 दिवस रजा आणि वर 8 बँक हॉलिडे, म्हणजे 33 दिवस मिळतात. तीन दिवसांच्या माणसाचा वाटा याच्या तीन पंचमांश, म्हणजे 19.8 दिवस. तुमचे वार बुधवार ते शुक्रवार. एचआर सांगतं, रजा 15 दिवस आणि तुमच्या वारी येतील ते बँक हॉलिडे. आता 2026 चं कॅलेंडर उघडा. आठपैकी पाच सुट्ट्या सोमवारी आहेत. तुमच्या वाट्याला नवीन वर्ष, गुड फ्रायडे आणि नाताळ एवढेच तीन, म्हणजे एकूण 18. सोमवार ते बुधवार येणाऱ्या शेजारणीला मात्र 20! कायद्याची किमान रजा 5.6 आठवडे, म्हणजे तीन दिवसवाल्यांना 16.8 दिवस. ती तर मिळतेच आहे, असं एचआर म्हणेल. पण तुमचं भांडण किमान रजेचं नाहीच. ते 2000 सालच्या पार्ट-टाइम वर्कर्स नियमांखालचं आहे: केवळ पार्ट-टाइम म्हणून फुल-टाइमवाल्यापेक्षा कमी द्यायचं नाही, आणि दिलंच तर त्याला सबळ कारण हवं.

हा हक्क पहिल्या दिवसापासून असतो. मात्र तुलनेला खरा माणूस लागतो: त्याच मालकाकडे, त्याच प्रकारच्या करारावर, साधारण तेच काम करणारा फुल-टाइम सहकारी.

सगळा दावा अडतो तो इथेच. 2007 मध्ये स्कॉटलंडच्या कोर्टात बुधवार ते शुक्रवार काम करणारा एक कर्मचारी हरला. त्याची टीम आठवड्याचे सातही दिवस चालायची आणि सोमवारी कामाला नसलेल्या फुल-टाइमवाल्यांनाही ती सुट्टी मिळत नव्हती. म्हणजे कारण वाराचं ठरलं, पार्ट-टाइमपणाचं नाही. तुमच्याकडे सगळे फुल-टाइम सोमवार ते शुक्रवार असतील, तर बाजू बरीच भक्कम. म्हणून आधी रोटा पाहा.

करारपत्र, रोटा, पगाराच्या स्लिपा आणि रजेचं धोरण एका फायलीत लावा. मग एचआरला लेखी विचारा की हा फरक का. लेखी कारण 21 दिवसांत देणं मालकावर बंधनकारक आहे. उत्तर टाळलं, तर एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल, म्हणजे नोकरीच्या वादांचं न्यायालय, त्यावरून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं. बहुतेक प्रकरणं या पत्रावरच मिटावीत, कारण 1.8 दिवसांसाठी कोर्टात जायची हौस मालकालाही नसते.

नाहीच मिटलं, तर अंतर्गत तक्रार करा, पण तिच्या निकालाची वाट पाहत बसू नका. ट्रायब्युनलमध्ये दावा लावायची मुदत तीन महिने वजा एक दिवस धरूनच चाला, कारण तक्रार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. ट्रायब्युनलआधी एकास या नोकरीतले वाद मिटवणाऱ्या संस्थेकडे समेटासाठी नोंद करावीच लागते. ती ऑनलाइन होते, फुकट असते आणि त्या काळात मुदतीचं घड्याळ थांबतं. समेट फिसकटला की एकास प्रमाणपत्र देतं. त्यावरचा क्रमांक ET1 या दाव्याच्या फॉर्ममध्ये जसाच्या तसा भरा.